अंतिम हिशेबाच्या नोंदी : परभणीजवळचं धान्य गोदाम

१८ फेब्रुवारी २०२५

आज अंतिम हिशेबाची फाईल उघडली. गोदाम २ डिसेंबरला मालकाच्या ताब्यात दिलं, सहा चालू बिलं निघाली, शेवटची मोजमापंही झाली. आता एकच कागद उरलाय, पण दोन्ही बाजूंच्या सह्या त्यावरच व्हायच्या आहेत.

काम बाबनिहाय दराचं आहे. म्हणजे करारातली रक्कम हा अंदाज, दर पक्के, आणि पैसे प्रत्यक्ष मोजणीप्रमाणे. मूळ करार रक्कम १,८४,६०,००० रुपये, जीएसटी सोडून. हिशेब शेवटपर्यंत जीएसटी सोडूनच चालवायचा आणि कर तळाला एकदाच लावायचा, असं ठरवलं. मधल्या ओळींत कर शिरला की कोणती रक्कम करासकट आणि कोणती कराविना, हे शोधण्यातच आठवडा जातो.

मालक म्हणजे शेतकरी उत्पादक कंपनी. त्यांच्या बाजूने सल्लागार इंजिनिअर साहेब आणि कंपनीचे अकाउंटंट. साहेबांना मोजमापं कळतात, अकाउंटंटना बँकेचे आकडे. हिशेब दोघांना एकाच कागदावर वाचता आला पाहिजे.

२० फेब्रुवारी

वाढीव कामांची यादी काढली. पाया, जोतं, तिसरं शटर. सगळ्यात मोठी रक्कम पायाची.

नकाशात फुटिंगची खोली १.८० मीटर होती. उत्तरेकडे एवढ्या खोलीवर कडक मुरूम लागला. दक्षिणेच्या बारा खड्ड्यांत मात्र काळी माती संपता संपेना. काळ्या मातीवर फुटिंग ठेवता येत नाही. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरची भिंत घेऊन हलते. म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदलं आणि नकाशातल्या पातळीपर्यंत १:४:८ पीसीसी, म्हणजे सळई नसलेलं साधं काँक्रीट, भरलं. खड्डा २.५० बाय २.५०, म्हणजे ६.२५ चौरस मीटर. बारा खड्ड्यांच्या जादा खोलीची बेरीज १४.४० मीटर. घनफळ ९० घनमीटर.

खोदाईचे २८० रुपयांनी २५,२०० झाले. पीसीसीचे ५,२०० रुपयांनी ४,६८,०००. जादा खोली म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे खोदाई येते, पण पैसा खोदण्यात नसतो, भरण्यात असतो. एकूण ४,९३,२०० रुपये.

दहा खड्ड्यांच्या लेव्हल बुकावर साहेबांची सही आहे. ७ आणि ८ नंबरच्या खड्ड्यांची पानं आमच्या सुपरवायझरच्या अक्षरात आहेत, समोरची सही नाही. त्या दिवशी साहेब साइटवर नव्हते आणि रेडीमिक्सची गाडी दारात उभी होती. त्या दोन खड्ड्यांची जादा खोली १.४० आणि १.०० मीटर लिहिली आहे. १५ घनमीटर, ८२,२०० रुपये. हे पान मालकाकडून परत येणार, हे मला आत्ताच दिसतंय.

२४ फेब्रुवारी

जोत्याचा भराव तपासताना आमच्याच मसुद्यात चूक सापडली. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून मालकांनी जोतं ३० सेंटिमीटरने उंच करायला लेखी सांगितलं होतं. सुपरवायझरने मुरमाचे टिपर मोजले : ५८ खेपा, प्रत्येकी ५ घनमीटर, एकूण २९०. मसुद्यात २९० घनमीटर गुणिले ६५० असं धरलं होतं.

टिपरमध्ये असतो तो सुटा मुरूम. करारातला दर आहे पाणी मारून, रोलर फिरवून दाबलेल्या भरावाचा. गोदाम ४० बाय १८ मीटर, उंची ०.३० मीटर, म्हणजे २१६ घनमीटर. बाकीचा मुरूम दाबताना बसला. मोजायचं ते दाबलेलं. २१६ गुणिले ६५० म्हणजे १,४०,४००. जोत्याच्या भिंतीचं वाढलेलं विटकाम ८ घनमीटर, ५९,२०० रुपये. मिळून १,९९,६००.

४८,१०० रुपये आपणहून कमी केले. मालकाच्या इंजिनिअरने हे काढून दाखवलं असतं, तर ७ आणि ८ नंबरच्या खड्ड्यांवर कुणी विश्वास ठेवला नसता. खेपांचा हिशेब मुरूमवाल्याचं बिल चुकवायला ठीक आहे, मालकाच्या हिशेबात त्याला जागा नाही.

१ मार्च

तिसऱ्या शटरचं वाढीव काम लिहिताना एक गोष्ट जपावी लागली. शटर आलं, म्हणजे तिथली भिंत गेली. शटर आणि लिंटेल यांतून न बांधलेल्या विटकामाचे पैसे वजा करून निव्वळ ५८,४०० धरले. पण विटकामाची फेरमोजणी जसं बांधलं तशी झाली होती, म्हणजे ते भोक तिथेही वजा झालेलं होतं. एकाच भोकाची वजावट दोनदा. फेरमोजणीतून ती काढली आणि शटरच्या ओळीतच ठेवली, कारण बदल का झाला ते तिथे वाचणाऱ्याला कळतं.

फेरमोजणीत बाकी बाबींची निव्वळ घट १,१२,३५०. त्यातले ९७,५०० सव्वा टन सळईचे, उरलेले ५५ चौरस मीटर गिलाव्याचे.

५ मार्च

साहेबांबरोबर पहिली बैठक. वाढीव कामांवर अपेक्षेपेक्षा लवकर एकमत झालं. अडलं ते चौकीदाराच्या खोलीवर. ती आमच्या करारात २,१०,००० रुपयांना होती. मालकांनी ती आमच्याकडून काढून घेतली आणि गावातल्या मिस्त्रीकडून बांधून घेतली. त्यांना २,६०,००० खर्च आला. कंपनीचे अध्यक्ष म्हणाले, "आमचे दोन साठ गेले, तर दोन साठच कापा की."

वगळलेलं काम करारातल्या दराने वजा होतं. ते आम्ही करायला नकार दिला असता आणि मालकांना दुसऱ्याकडून करवून घ्यावं लागलं असतं, तर फरक आमच्या माथी आला असता. इथे आम्ही तयार होतो. मालकांना खोली मोठी हवी होती, म्हणून त्यांनी ती वेगळी बांधली. साहेबांनी अध्यक्षांना हेच समजावलं आणि २,१०,००० वर मान्यता झाली. हा मुद्दा मी आवाज न चढवता मांडला, पण सोडणार नव्हतो. खोली मोठी केल्याचे पन्नास हजार आमच्या बिलातून जाणं बरोबर नव्हतं.

७ आणि ८ नंबरच्या खड्ड्यांवर साहेब म्हणाले, "सही नाही तर मोजमाप नाही." नियमाने त्यांचं बरोबर आहे. मी म्हटलं, "दोन्ही फुटिंग बाहेरच्या भिंतीची आहेत. बाजूने उकरून बघू. पीसीसी कुठे पळून जात नाही." ते तयार झाले.

११ मार्च

सकाळी सातला साइटवर. दक्षिणेच्या भिंतीबाहेर जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या आहेत. दोन मजूर, एक पहार, एक फावडं. चर अरुंद ठेवला, आणि पीसीसीच्या तळाखाली खोदायचं नाही, असं आधीच बजावलं. तळाखालचा मुरूम मोकळा झाला तर तपासणीच दुखणं होऊन बसायची.

७ नंबरला आधी फुटिंगची कड लागली, तिथून खाली पीसीसीची खरबरीत बाजू. मजूर मामांनी पहारीचं टोक तळाशी फिरवलं अन् म्हणाले, "हे बगा साहेब, इथं काँक्रीट संपलं अन् मुरूम लागला." आवाजातही फरक कळतो. काँक्रीटवर पहार टणकते, मुरमावर दबका आवाज येतो. साहेबांनी स्वतः टेप धरला. १.४० मीटर, पानावर लिहिल्याप्रमाणे.

८ नंबरला टेप ०.८० वर थांबला. पानावर १.०० आहे. चर अर्धा मीटर पुढे सरकवून पुन्हा पाहिलं, तिथेही तेवढंच. सुपरवायझरला फोन केला. त्याला आठवत नाही. मला वाटतं, संध्याकाळच्या घाईत शेजारच्या खड्ड्याचा आकडा इकडे आला. कारण काहीही असो, २० सेंटिमीटर आमच्याकडून जास्त लिहिले गेले होते. १.२५ घनमीटर, ६,८५० रुपये कमी. पायाची मान्य रक्कम ४,८६,३५०.

दोन्ही मोजमापं तिथल्या तिथे एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तकात, लिहिली, टेपसकट फोटो काढले, सह्या झाल्या. चर बुजवून धुमसून घेतला.

१५ मार्च

धुळवड झाली, आज मसुदा पुन्हा हातात. वाढीव ७,४४,३५०. त्यातून खोलीचे २,१०,००० आणि फेरमोजणीतली घट १,१२,३५० वजा. निव्वळ वाढ ४,२२,०००. सुधारित रक्कम १,८८,८२,०००.

आता वजावटी. हा शब्दच घोटाळ्याचं मूळ आहे, कारण त्याच्या पोटात तीन वेगळ्या गोष्टी असतात. काही वजावटींनी कामाची किंमतच कमी होते. काहींनी किंमत तशीच राहते, पण मालकाचं आमच्याकडे काही निघतं ते वळतं होतं. आणि काही रक्कम नुसती थांबवलेली असते. ती आमचीच असते, फक्त उशिरा मिळते. तिन्ही एका रकान्यात लिहिल्या की बेरीज जुळते आणि अर्थ चुकतो. म्हणून मी त्यांची पानंच वेगळी केली.

पहिल्या प्रकारात एकच ओळ आहे. ट्रायमिक्स फरशीत ८० चौरस मीटरवर बारीक चिरा आहेत. तिथले सांधे कापायला उशीर झाला, आणि कोरड्या हवेत काँक्रीटने आपली वाट आपणच शोधली. चिरा केसाएवढ्या आहेत, फोडून पुन्हा करण्यासारखं नाही. साहेबांनी कमी दराने स्वीकारलं : चौरस मीटरला १८० रुपये कमी, १४,४००. चूक आमची होती, मान्य केली. कामाची अंतिम किंमत १,८८,६७,६००.

१७ मार्च

विलंबाचा दंड. करारात आठवड्याला मूळ रकमेच्या ०.५ टक्के, म्हणजे ९२,३०० रुपये, कमाल ५ टक्के. मुदत १४ ऑक्टोबर २०२४ ला संपत होती, ताबा २ डिसेंबरला. नेमके सात आठवडे. मालकाच्या पत्रात ६,४६,१०० रुपये लिहिले होते.

सात आठवडे उशीर झाला, हे खरं. सातही आमच्यामुळे झाले, हे खरं नाही. पायाच्या जादा खोलीचे दोन आठवडे, जोत्याचा एक. सप्टेंबर २०२४ च्या सुरुवातीला परभणी-हिंगोली-नांदेडकडे जो पाऊस झाला त्याचे दोन. शेतातून येणाऱ्या कच्च्या वाटेवर गाड्या ॲक्सलपर्यंत रुतत होत्या. मुदतवाढीचं रीतसर पत्र आम्ही त्या त्या वेळी मागायला हवं होतं, ते मागितलं नाही. पण साइट डायरीत रोजच्या नोंदी आहेत आणि दोन बैठकांच्या इतिवृत्तात साहेबांनीच कारणं लिहिलेली आहेत. त्यावर पाच आठवडे मान्य झाले.

उरलेले दोन आठवडे छताचे पत्रे उशिरा आल्याचे. पत्रेवाला आमचा, जबाबदारी आमची. १,८४,६०० दंड कबूल केला. आमच्या भागीदारांचं म्हणणं होतं की मालकाचं प्रत्यक्ष नुकसान किती झालं ते विचारावं. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, वाजवी भरपाई तिच्या आत ठरते. पण या दोन आठवड्यांत मालकांनी सोयाबीनची पोती भाड्याच्या गोदामात ठेवली होती आणि भाड्याच्या पावत्या आहेत. ते वाजवी आहे, ताणण्यात अर्थ नाही, असं मी सांगितलं आणि त्यांनी ऐकलं.

मालकाच्या मीटरवरून वापरलेली वीज ३८,५००. दंड आणि वीज मिळून वसुली २,२३,१००. यांनी कामाची किंमत कमी होत नाही. जीएसटीही कामाच्या पूर्ण किमतीवरच लागतो, दंड वजा करून नाही.

२१ मार्च

कंपनीच्या अकाउंटंटनी त्यांचा तक्ता पाठवला. वरचे सगळे आकडे आमच्याशी जुळणारे. तळाला देय रक्कम : ३,५३,५००. आमच्या तक्त्यात तीच १६,२३,८१०. पावणेतेरा लाखांचा फरक, आणि वर एकही वाद शिल्लक नाही.

चहा बाजूला ठेवून त्यांची वजाबाकी उलट्या दिशेने केली. त्यांनी अंतिम किमतीतून सहा बिलांची मंजूर रक्कम वजा केली होती : १,८८,६७,६०० वजा १,७४,२०,०००, उरले १४,४७,६००. त्यातून रिटेन्शन, म्हणजे बिलांतून थांबवलेली रक्कम, ८,७१,०००, मग वसुली २,२३,१००.

चूक पहिल्याच पायरीला आहे. १,७४,२०,००० ही मंजूर रक्कम, आम्हाला मिळालेली नाही. त्यातून ५ टक्के रिटेन्शन ८,७१,००० थांबवलं गेलं आणि २ टक्के टीडीएस ३,४८,४०० आमच्या नावाने सरकारात भरला गेला. बँकेत आले १,६२,००,६००. मंजूर रक्कम वजा केली, की मालकाकडे पडून असलेलं रिटेन्शन दिल्यासारखं धरलं जातं. मग खाली ते पुन्हा कापलं. न दिलेले ८,७१,००० एकदा दिले म्हणून आणि एकदा द्यायचे नाहीत म्हणून, असे दोनदा गेले.

ओळखण्याची खूण सोपी आहे. १७,४२,००० म्हणजे रिटेन्शनची दुप्पट. त्यातून आत्ता खरोखर थांबवायचे ४,७१,६९० वजा केले, की १२,७०,३१० उरतात, म्हणजे नेमका आमच्या दोघांच्या तक्त्यांतला फरक. एक रुपयाही इकडेतिकडे नाही. फरक असा काट्यावर जुळला, की दुसरी चूक नाही याची खात्री पटते.

२४ मार्च

कंपनीच्या कार्यालयात गेलो. अकाउंटंट दादा वयाने मोठे, काटेकोर माणूस. त्यांना "चुकलंय" म्हणण्याऐवजी त्यांच्याच लेजरमधलं आमचं खातं उघडायला सांगितलं. रिटेन्शनचं खातं वेगळं होतं आणि त्यात आमच्या नावे ८,७१,००० देणे दिसत होतं. ते स्वतःच म्हणाले, "हे तर आपल्याकडंच हाय. म्या दिल्यात धरलं." टीडीएसचा आकडा आयकर खात्याच्या फॉर्म २६एएसशी ताडून पाहिला, ३,४८,४०० बरोबर.

मग तक्ता मंजूर रकमेवरून नव्हे, प्रत्यक्ष दिलेल्या पैशांवरून मांडला :

मूळ करार रक्कम : १,८४,६०,०००
निव्वळ बदल, वाढीव : ४,२२,०००
फरशीची दर-कपात, वजा : १४,४००
कामाची अंतिम किंमत : १,८८,६७,६००
दंड व वीज, वजा : २,२३,१००
बँकेतून दिलेले, वजा : १,६२,००,६००
भरलेला टीडीएस, वजा : ३,४८,४००
एकूण शिल्लक देणे : २०,९५,५००
त्यातून थांबवायचे, अंतिम किमतीच्या २.५ टक्के : ४,७१,६९०
आत्ता देय : १६,२३,८१०

रिटेन्शन सगळ्यात खाली, आणि तेही फक्त शिल्लक देण्याची दोन भागांत वाटणी म्हणून. अर्धं रिटेन्शन काम पूर्ण झाल्यावर सोडायचं, उरलेलं अर्धं दोषदायित्वाची बारा महिन्यांची मुदत संपल्यावर. ते अंतिम किमतीवर काढलं, जुन्या बिलांवर नाही.

टीडीएस या बिलात नव्याने मोजलेल्या १४,४७,६०० वरच, २८,९५२. सुटणाऱ्या रिटेन्शनवर नाही, कारण त्याचा टीडीएस जुन्या बिलांत पूर्ण रकमेवर कापला गेलाय. जीएसटीचंही तसंच : १४,४७,६०० वर १८ टक्के, २,६०,५६८. बँकेत येणारी रक्कम १८,५५,४२६.

२७ मार्च

मार्चअखेरची घाई, पण सहीआधी एका वाक्यावर थांबलो. मालकाच्या छापील नमुन्यात होतं : "ही रक्कम मिळाल्यावर ठेकेदाराचा या कामाबाबत कोणताही दावा उरणार नाही." तशी सही केली असती, तर ४,७१,६९० रुपयांचा आमचा हक्क त्याच कागदाने पुसला गेला असता. साहेबांनाही तसं नको होतं. नमुना जुना, कुणी वाचला नव्हता.

दुरुस्त वाक्य असं झालं : कामाची अंतिम किंमत १,८८,६७,६०० रुपये उभयपक्षी मान्य, रोखलेली ४,७१,६९० रुपयांची रक्कम आणि १ डिसेंबर २०२५ पर्यंतचं दोषदुरुस्तीचं दायित्व वगळता कोणाचाही दावा शिल्लक नाही. "कोणाचाही" हा शब्द मुद्दाम घातला, म्हणजे मालकांनाही पुढे नवा दंड काढता येणार नाही. प्रत्येक पानावर सह्या झाल्या, एमबीच्या ११ मार्चच्या पानाची प्रत सोबत जोडली.

२९ मार्च

१८,५५,४२६ जमा. उद्या पाडवा. मिस्त्री आणि मजुरांचे राहिलेले पैसे आजच वाटले.

९ ऑक्टोबर

सप्टेंबरच्या पावसात पन्हाळीच्या एका सांध्यातून आत पाणी झिरपल्याचा साहेबांचा फोन. माणूस पाठवून सांधा उघडला, नवं सीलंट भरलं, पाइपने पाणी सोडून पाहिलं. दुरुस्तीच्या कागदावर गोदामपालांची सही घेतली. ती नसती तर डिसेंबरात याच सांध्यासाठी रक्कम अडली असती.

४ डिसेंबर

४,७१,६९० जमा, टीडीएस न कापता. खातं बंद करण्याआधी शेवटची पडताळणी केली. बँकेतून आलेले १,६२,००,६००, १५,९४,८५८ आणि ४,७१,६९०, जीएसटी सोडून. टीडीएस ३,७७,३५२, जो अंतिम किमतीच्या बरोबर २ टक्के भरतो. सगळी बेरीज १,८६,४४,५००. अंतिम किंमत वजा वसुली, तीही १,८६,४४,५००. शिल्लक शून्य. फाईल कपाटात.